‘भेटीची वेळ मिळणेबाबत’ : मेलचा विषय असा लिहा की उत्तर येईल

आष्टी तालुक्यातील एका गावात शेतकऱ्यांचा दूध संकलन गट आहे, असे समजू. गटाकडे रोज सरासरी १,८०० लिटर गाईचे दूध जमा होते. सध्याच्या डेअरीबरोबरचा करार ३१ मार्च २०२६ ला संपतो आणि गटाला पुण्यातल्या दुसऱ्या डेअरीशी बोलायचे आहे. त्या डेअरीच्या दूध खरेदी व्यवस्थापकाला भेटायचे, दर, फॅटची तपासणी आणि टँकरची वेळ ठरवायची. फोन केला तर ऑफिसातून सांगितले जाते, ‘साहेब दौऱ्यावर आहेत, मेल टाका.’ गटातला हिशेब पाहणारा मुलगा मेल टाकतो. आठ दिवस उत्तर येत नाही. पुन्हा फोन केला की तिकडून विचारतात, ‘कधी पाठवला होता? दिसत नाही.’

मेल गेलेला असतो, पोहोचलेलाही असतो. तो उघडला गेलेला नसतो, एवढेच. हे उदाहरण कल्पित असले तरी आष्टी, कडा, धानोरा या दुधाच्या पट्ट्यात, किंवा राज्यातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी, असा अनुभव सांगणारे लोक सापडतील. अशा वेळी बहुतेकदा घोटाळा मेलच्या मजकुरात नसतो. तो वरच्या एका ओळीत असतो. ती ओळ म्हणजे ‘विषय’.

‘बाबत’ शेवटी येते, फोन आधीच तोडतो

मराठी माणसाला विषयाची ओळ नवी नाही. शाळेत पत्रलेखन शिकताना आपण ती गिरवलेली असते. तहसील, पंचायत समिती, बँक, वीज कार्यालय, कुठेही अर्ज द्यायचा तर ‘विषय :’ लिहून पुढे एक लांबलचक वाक्य आणि शेवटी ‘...बाबत’. कागदावर ही पद्धत योग्यच होती, आजही आहे. आवक-जावक पाहणारा कारकून पूर्ण ओळ वाचतो आणि कागद कोणत्या टेबलावर पाठवायचा ते ठरवतो. कागद त्याच्या हातात असतो, त्यामुळे ओळ कितीही लांब असली तरी ती दिसते.

आपल्या गटातल्या मुलाने शाळेतलाच धडा आठवून विषय लिहिला :

‘आष्टी तालुक्यातील दूध उत्पादक शेतकऱ्यांच्या दूध पुरवठा करारासंदर्भात चर्चा करण्यासाठी आपल्या भेटीची वेळ मिळणेबाबत’

व्याकरण निर्दोष आहे. पण व्यवस्थापकाच्या फोनवर मेलच्या यादीत जे दिसले ते असे :

‘आष्टी तालुक्यातील दूध उत्पादक शेतकऱ्यांच्या दूध पुरवठा…’

भेट हा शब्दच गेला! ही बातमी आहे, तक्रार आहे, एखाद्या संघटनेचे निवेदन आहे की जाहिरात, काहीच कळत नाही. आपल्या भाषेत क्रियापद आणि मागणी वाक्याच्या शेवटी येते. ‘अमुक कारणासाठी, अमुक विषयावर, अमुक मिळावे’ अशी आपली रचना असते. फोनचा पडदा मात्र ओळ शेवटाकडूनच तोडतो. म्हणजे सर्वांत महत्त्वाचे जे, तेच आधी कापले जाते. इंग्रजीत ‘भेटीची विनंती’ हे शब्द आपसूकच आधी येऊ शकतात. मराठीत ते मुद्दाम पुढे आणावे लागतात. मेलचा विषय मराठीत लिहिताना एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी अर्धे काम होते.

किती अक्षरे दिसतात, याचा ठरलेला आकडा नाही. फोनचा आकार, अक्षरांचा ठेवलेला आकार आणि ॲप यांवर ते अवलंबून असते. शिवाय देवनागरीतली जोडाक्षरे जागा जास्त घेतात. तीस ते पस्तीस अक्षरे दिसतील असे धरून चालावे आणि पहिल्या वीस अक्षरांत मागणी व तारीख यावी. चष्मा लावणारे अनेक साहेब फोनवर अक्षरे मोठी करून ठेवतात, हेही विसरू नये.

त्या ओळीत नेमके काय हवे?

मेल उघडायचा की नंतर पाहू, हे ठरवायला वाचणारा दोन-तीन सेकंद देतो. तेवढ्यात त्याला तीन गोष्टी कळायला हव्यात : माझ्याकडून काय हवे आहे, कधीसाठी हवे आहे आणि त्याचा माझ्या कामाशी काय संबंध.

आपल्या गटाच्या मेलचा विषय आता असा लिहून पाहू :

‘भेटीची विनंती १६ मार्च: आष्टीतून रोज १,८०० लिटर दूध’

जोडाक्षर एक धरले आणि मधल्या जागा मोजल्या तर ही पस्तीस अक्षरांची ओळ होते. शेवटचे ‘लिटर दूध’ तुटले तरी भेट, तारीख, गाव आणि आकडा शिल्लक राहतो. दूध खरेदी करणाऱ्या माणसाला ‘१,८००’ या आकड्यातच पुष्कळ काही कळते. टँकर त्या मार्गाने वळवणे परवडेल का, याचा हिशेब तो मेल उघडण्याआधीच मनात करू लागतो. ‘दूध पुरवठा करारासंदर्भात’ या शब्दांनी हे होत नाही, कारण तसे मेल त्याला रोजच येतात.

आकडा कोणता घालायचा, हे समोरच्याच्या कामावरून ठरवायचे. डेअरीच्या माणसाला लिटर महत्त्वाचे. त्याच गटाने दूध शीतकरणाच्या टाकीसाठी बँकेत कर्ज मागितले असेल आणि शाखा व्यवस्थापकाची भेट हवी असेल, तर तिथे लिटर उपयोगाचे नाहीत. कर्ज प्रस्तावाचा क्रमांक किंवा तो दाखल केल्याची तारीख हवी. व्यवस्थापकाला लगेच फाइल शोधता येते आणि भेटीआधी ती वाचता येते. मेल पाठवणाऱ्याला जे महत्त्वाचे वाटते, म्हणजे ‘आमच्यावर अन्याय’, ‘आमची गरज’, ते विषयात घालण्याचा मोह होतो. ते मजकुरात लिहावे.

तारखेबद्दल थोडे सविस्तर. विषयात ‘उद्या’, ‘परवा’, ‘येत्या सोमवारी’ असे लिहू नये. मेल शुक्रवारी रात्री पाठवला आणि समोरच्याने तो सोमवारी उघडला, तर ‘येत्या सोमवारी’ म्हणजे कोणता सोमवार? ‘१६ मार्च’ लिहिले की प्रश्न मिटतो. तारीख निवडताना कॅलेंडर पाहावे. २०२६ मध्ये १६ मार्चला सोमवार आहे आणि गुरुवारी, १९ तारखेला गुढीपाडवा. पाडव्याच्या आदल्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पुण्यात कोण जागेवर सापडेल, याचा भरवसा नाही. करार ३१ ला संपणार असेल तर २७-२८ मार्चची वेळ मागणेही उशिराचे. दर ठरल्यावर नमुना तपासणी, कागदपत्रे आणि टँकरचा मार्ग ठरायलाही दिवस लागतात. म्हणून १६ किंवा १७. विषयात एकच तारीख पुरे, दुसरी मजकुरात द्यावी.

भेट प्रत्यक्ष हवी की फोनवर, हे जागा असेल तर विषयातच सांगावे. आष्टीहून अहिल्यानगरमार्गे पुणे साधारण १८० किलोमीटर. त्यासाठी एक माणूस, एक दिवस आणि गाडीभाडे जाते. पहिले बोलणे पंधरा मिनिटांच्या फोनवर होण्यासारखे असेल तर ‘१५ मिनिटे फोन, १६ मार्च: आष्टी, रोज १,८०० लिटर दूध’ असा विषय जास्त चालतो. पंधरा मिनिटांना ‘हो’ म्हणणे कोणालाही सोपे जाते.

नम्रपणा कुठे ठेवायचा?

इथे अनेकांना अडखळल्यासारखे होते. ‘भेटीची विनंती १६ मार्च’ हे वयाने, हुद्द्याने मोठ्या माणसाला लिहिताना उद्धट वाटेल का? म्हणून मग विषय लिहिला जातो, ‘मा. व्यवस्थापक साहेब यांच्या सेवेशी सविनय सादर’. पूर्ण ओळ आदरात खर्च झाली आणि कामाचे एकही अक्षर आले नाही. ‘विनंती’ हा शब्द पुरेसा नम्र आहे. ‘भेट हवी’ म्हटले तर थोडे तुटक वाटते, ‘भेटीची विनंती’ तसे वाटत नाही. ‘आदरणीय’, ‘माननीय’, ‘साहेब’ यांना मजकुरात भरपूर जागा आहे.

दुसरे टोक म्हणजे ‘अतिशय महत्त्वाचे!!’, ‘तातडीचे’, ‘कृपया त्वरित वाचा’. यातून तातडी कसली ते कळत नाही आणि असे लिहिणारे बहुतेकदा काहीतरी विकणारे असतात, हे सगळ्यांना अनुभवाने माहीत झाले आहे. तातडी खरी असेल तर ती तारखेतून दाखवावी. ‘करार ३१ मार्चला संपतो’ या चार शब्दांपुढे ‘तातडीचे’ फिके पडते.

आणखी एक चलाखी काही जण करतात. आधी काहीच बोलणे झालेले नसताना विषयाच्या सुरुवातीला `Re:` लिहितात, म्हणजे जुन्याच मेलला उत्तर आल्यासारखे वाटावे. मेल उघडला जातो खरा, पण आपल्याला बनवले हे उघडणाऱ्याला पहिल्याच ओळीत कळते. त्याच्याशीच दुधाच्या दराची बोलणी करायची असतील तर ही सुरुवात वाईट.

विषयाच्या वर आणि खाली

फोनवरच्या यादीत विषय एकटा दिसत नाही. त्याच्या वर पाठवणाऱ्याचे नाव असते आणि खाली मजकुराची पहिली ओळ. तिन्ही मिळून वाचले जातात.

आधी नाव पाहू. गावाकडे मेल पुष्कळदा झेरॉक्स सेंटरवरून किंवा एखाद्या भाच्या-पुतण्याच्या खात्यावरून जातो. मग वर नाव दिसते कॉम्प्युटर सेंटरचे, किंवा त्या मुलाने आठवीत असताना मजेने ठेवलेले टोपणनाव. गटाचे वेगळे खाते काढून त्यात गटाचे नाव घालणे हे पाच मिनिटांचे काम आहे. ते केले की विषयात पुन्हा गटाचे नाव लिहावे लागत नाही आणि तेवढी अक्षरे वाचतात.

आता खालची ओळ. आपला मजकूर सवयीने सुरू होतो, ‘आदरणीय साहेब, सप्रेम नमस्कार. वरील विषयास अनुसरून आपणास कळविण्यात येते की…’ आणि यादीत दिसणारी जागा इथेच संपते. ‘वरील विषयास अनुसरून’ हे कागदी पत्रात शोभते. फोनवर ते अडगळ होते. आपल्या गटाचा मजकूर असा होऊ शकतो :

‘नमस्कार साहेब. आमचा सध्याचा करार ३१ मार्चला संपतो. १ एप्रिलपासून आपल्याला दूध देण्याबाबत भेटायचे आहे. रोज सरासरी १,८०० लिटर गाईचे दूध, गावात २,००० लिटरची शीतकरणाची टाकी आहे. मागील तीन महिन्यांचे फॅट व एसएनएफचे उतारे सोबत जोडले आहेत. सोमवार १६ मार्च सकाळी ११ किंवा मंगळवार १७ मार्च दुपारी ३, यापैकी कोणती वेळ आपल्याला चालेल? आम्ही दोघे येऊ, अर्धा तास पुरेल.’

खाली नाव, गटातले पद, गाव आणि फोन नंबर. एवढेच.

यातला शेवटचा प्रश्न फार कामाचा आहे. ‘आपल्या सोयीने वेळ द्यावी’ असे लिहिले की समोरच्याला स्वतःची डायरी उघडून वेळ शोधावी लागते, म्हणून तो ‘नंतर पाहू’ म्हणतो. दोन वेळा दिल्या की त्याला गाडीत बसल्या-बसल्या ‘१७ ला ३ चालेल’ एवढे लिहून मोकळे होता येते. विषयातली तारीख आणि मजकुरातली तारीख जुळते ना, हे मात्र पाठवण्याआधी पाहावे. तारीख बदलताना एकीकडे बदलते आणि दुसरीकडे जुनीच राहते, ही नेहमीची चूक आहे.

विषयात ‘HksV’ असे का दिसते?

ही अडचण खास आपल्याकडची आहे. तालुक्याच्या गावातली बरीच मराठी टायपिंगची कामे अजून कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी अशा जुन्या फाँटमध्ये होतात. या फाँटमध्ये संगणकाच्या आत साठवलेली असतात ती इंग्रजी अक्षरे आणि चिन्हेच. फाँट फक्त त्यांचा चेहरा मराठी करतो. वर्डमध्ये ‘भेट’ दिसते, पण कृतिदेवमध्ये ती आत `HksV` अशी असते. तोच विषय कॉपी करून मेलच्या चौकटीत चिकटवला की फाँट मागे राहतो, कारण विषयाच्या ओळीला स्वतःचा फाँट नसतो. समोरच्याला मग `HksV` असेच काहीतरी दिसते. असा मेल तो उघडत नाही. व्हायरस असेल या भीतीने कधी कधी पुसूनही टाकतो.

ओळखायचे कसे? पाठवण्याआधी तीच ओळ कॉपी करून स्वतःच्या व्हॉट्सॲपवर टाकावी. तिथे मराठी दिसली तर ती युनिकोडमध्ये आहे आणि मेलमध्येही सहसा नीट दिसेल. इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसला तर विषय फोनच्या मराठी कीबोर्डवर नव्याने लिहावा. एक ओळ तर आहे. लांब पत्र जुन्या फाँटमध्येच तयार असेल तर त्याची पीडीएफ करून जोडावी. पीडीएफमध्ये सहसा फाँट सोबत जातो.

जाता जाता एक गंमत. मेलमधली ही ‘विषय’ची ओळ कशी असावी, हे लिहून काढणारा एक सुरुवातीचा दस्तऐवज म्हणजे सप्टेंबर १९७३ चा आरएफसी ५६१. त्याच्या चार लेखकांपैकी एक होते अभय भूषण, आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी. पाठवणारा, तारीख आणि विषय या ओळी सगळ्या संगणकांवर सारख्या असाव्यात, असा तो प्रस्ताव होता. तेव्हा विषय इंग्रजी अक्षरांतच लिहिता येई. मराठी विषय मेलमध्ये नीट पोहोचायला त्यानंतर बराच काळ जावा लागला.

सरकारी कार्यालयाला लिहिताना

इथे हिशेब थोडा बदलतो. तहसील, जिल्हा परिषद किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाच्या अधिकृत पत्त्यावर पाठवलेला मेल बहुधा साहेब स्वतः उघडत नाहीत. आधी कर्मचारी पाहतो आणि संबंधित शाखेकडे पाठवतो. त्यामुळे ओळ दोघांसाठी लिहायची असते. कर्मचाऱ्याला शाखा कळली पाहिजे आणि अधिकाऱ्याला विनंती. समजा ३ फेब्रुवारीला दिलेल्या रस्त्याच्या अर्जाबद्दल तहसीलदारांना भेटायचे आहे. ‘भेटीची विनंती: शेतरस्ता अर्ज दि. ३ फेब्रुवारी, मौजे अमुक’ असा विषय द्यावा आणि आवक क्रमांक मिळाला असेल तर तारखेऐवजी तो लिहावा. सोबतच्या पीडीएफ पत्रात मात्र नेहमीसारखा ‘...बाबत’चा पूर्ण विषय आणि ‘संदर्भ :’ ठेवावा. कार्यालयाच्या नोंदीला ते सोयीचे जाते. मेलचा विषय वेगळा आणि पत्राचा वेगळा, यात काही बिघडत नाही. फक्त अर्जाचा क्रमांक दोन्हीकडे एकच हवा.

सरकारी कार्यालयात अभ्यागतांच्या भेटीचे दिवस आणि वेळा अनेकदा ठरलेल्या असतात. त्या वेळेत नुसते जाऊन भेटता येत असेल तर मेलने वेळ मागण्याची गरज नाही. पण आपण येणार असल्याचे आणि कोणत्या अर्जासाठी, हे कळवले तर फाइल काढून ठेवलेली मिळण्याची शक्यता वाढते.

उत्तर आले नाही तर

कामाचे दोन-तीन दिवस थांबावे. मग नवा मेल लिहिण्याऐवजी आपण पाठवलेलाच मेल उघडून त्यालाच उत्तर द्यावे. विषय तसाच राहतो आणि आधीचा मजकूर खाली दिसतो. वर एकच ओळ लिहावी, ‘साहेब, १६ किंवा १७ मार्चपैकी वेळ कळवता येईल का?’ दर वेळी नव्या विषयाचा मेल टाकला की समोरच्याकडे तीन वेगळे तुकडे होतात आणि उतारे जोडलेला मेल कोणता, हे त्याला शोधावे लागते.

मागितलेली तारीख निघून गेली तर मात्र विषय बदलावाच लागतो. १८ मार्चलाही यादीत ‘भेटीची विनंती १६ मार्च’ दिसत असेल तर वाचणारा म्हणणार, हे तर संपले. जीमेलमध्ये विषय बदलला की जुन्या संभाषणापासून वेगळे नवे संभाषण सुरू होते. म्हणून नव्या मेलच्या पहिल्या ओळीत ‘९ मार्चच्या मेलच्या संदर्भात’ असा उल्लेख करावा आणि कागद पुन्हा जोडावेत.

महिन्याभरापूर्वी कोटेशनसाठी त्याच माणसाशी मेल झाले होते, त्यावरच `Re:` करून भेट मागणे हाही नेहमीचा प्रकार. विषय जुनाच राहतो, ‘कॅन व स्टील टाकीचे कोटेशन’, आणि भेटीची विनंती त्याच्या पोटात दडते. तिथे नवीन मेलच लिहावा.

वेळ ठरली की काही जण गुगल कॅलेंडरवरून निमंत्रण पाठवतात. त्याला दिलेले शीर्षकच समोरच्याच्या मेलचा विषय आणि त्याच्या कॅलेंडरमधली नोंद होते. आपण ‘साहेबांबरोबर मीटिंग’ असे शीर्षक दिले तर साहेबांच्या कॅलेंडरवर ‘साहेबांबरोबर मीटिंग’ असेच दिसेल! तिथे ‘आष्टी दूध गट: १ एप्रिलपासून पुरवठा’ असे लिहिले तर १७ तारखेला दुपारी ३ ला कोण येणार आहे, ते त्यांना कळेल.

चांगल्या विषयानेही काही गोष्टी होत नाहीत. मेल चुकीच्या पत्त्यावर गेला, स्पॅममध्ये पडला, किंवा डेअरीला त्या मार्गावर दूधच नको असेल तर ओळ कशीही लिहा, भेट मिळणार नाही. शेवटच्या बाबतीत मात्र निदान लवकर ‘नाही’ येते, आणि ३१ मार्चच्या आत दुसऱ्या डेअरीला विचारायला दिवस हातात राहतात. तिसऱ्या दिवसाच्या आठवणीलाही उत्तर नसेल तर सरळ फोन करावा आणि म्हणावे, ‘साहेब, ९ तारखेला मेल केला आहे, विषयात आष्टी आणि १,८०० लिटर असे लिहिले आहे.’ पलीकडचा माणूस मेलच्या शोधाच्या चौकटीत ‘आष्टी’ लिहितो आणि मेल समोर येतो. विषयात नुसतेच ‘भेटीबाबत’ असते, तर त्याने काय शोधले असते?

पाठवण्याचे बटण दाबण्याआधी हा मेल एकदा स्वतःच्याच दुसऱ्या खात्यावर किंवा घरातल्या कुणाच्या फोनवर पाठवून पाहावा. फोन लॉक असताना वर जी सूचना येते, तेवढीच वाचायची आणि ज्याला यातले काही माहीत नाही त्याला विचारायचे : कोणाला, कधी, कशासाठी भेटायचे आहे? तिन्ही उत्तरे आली तर मेल पुण्याला पाठवायला हरकत नाही.